थैल्यांची फळी

नातवंडांनो, तुमचा पुण्याचा काका गणपतीच्या सुटीत मोताळ्याला आला, आपल्या आईच्या दुकानाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "इथं ग्राहकाला काही दिसतच नाही." त्या वेळी दुकानात चार बाया होत्या आणि चौघींच्याही हातात काही ना काही होतं. पण पुण्याच्या मॉलमध्ये कपड्यांचा अख्खा मजला सांभाळणाऱ्या माणसाला चार बाया म्हणजे गिऱ्हाईक वाटत नाही.

काका म्हणजे माझा पुतण्या, आणि दुकान त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं, जिला तुम्ही लहान आजी म्हणता. तुम्ही ते पाहिलं तेव्हा दोघंही इतके लहान होता की काचेच्या बरणीतल्या रबरबँडांपलीकडे तुम्हाला त्यातलं काही आठवत नसेल. स्टँडवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दहा फूट रुंद आणि आत लांबलचक गेलेलं जनरल स्टोअर्स. साडीचे फॉल, अस्तर, लेस, दोऱ्याची रिळं, बटणं, टिकल्यांची पाकिटं, केसांच्या पिना, पावडर, मेंदीचे कोन, हातरुमाल, बाळांच्या टोप्या. तुमचे लहान आजोबा गेल्यापासून ती एकटी ते चालवते. ती दहावी नापास आहे आणि मी इंग्रजीची एम.ए. आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात दहावी नापास कोण ठरलं हे तुम्हीच ठरवा.

काकानं त्या दिवशी जेवताना आपला बेत सांगितला. दुकानाची जागा वडिलांच्या मागं त्याच्या नावावर झालेली. मोबाइल विकणारा एक माणूस ती भाड्यानं मागत होता.

"आई, तू किती दिवस एकटी उभी राहणार? पुण्याला चल आमच्याकडे."

"पुण्याले जाऊन म्या काय करू? बाल्कनीत बसू?"

"आराम कर."

"आराम म्हणजे काय अस्ते थे मले माहीत हाये. तुही सासू करून राह्यली थेच ना?"

काकाची बायको तेव्हा पुण्यातच होती, म्हणून हे खपलं. शेवटी माय-लेकांत तोड निघाली ती अशी: तो दुकान नव्या पद्धतीनं मांडून देईल. दिवाळीच्या आतल्या बाजारांत गिऱ्हाईक वाढलेलं दिसलं तर दुकान राहील. नाही दिसलं तर कुलूप, मोबाइलवाला आणि पुण्याची बाल्कनी. जावेनं त्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली. रागावल्यावर ती वाढणं बंद करते, हे त्या घरात सगळ्यांना कळतं, फक्त तुमच्या काकाला कळत नाही.

मग चार दिवस दुकान बंद ठेवून त्यानं जे केलं त्याला तो 'ग्राहकाचा प्रवास' म्हणत होता. दहा फुटांच्या दुकानात प्रवास! कागदावर बाण काढले होते. पुढचं काउंटर काढून मागं नेलं, म्हणजे बाया मोकळ्या आत येतील. भिंतींना पांढऱ्या फळ्या, मधोमध एक लोखंडी रॅक, वर डोळे दिपवणारे दिवे. त्याचं सगळ्यात लाडकं सूत्र होतं की नजरेसमोर असतं तेच विकलं जातं. सूत्र चुकीचं नाही. तुमच्याकडच्या मोठ्या दुकानांत नीट पाहा, महाग माल बरोबर डोळ्यांसमोरच्या फळीवर असतो आणि स्वस्त माल वाकून काढावा लागतो. पण नजर कोणाची? काका भिंतीला पाठ लावून उभा राहिला, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि उत्तमातला उत्तम माल त्या रेघेवर लावला. काका सहा फुटाला दोन बोटं कमी आहे. इथल्या बाया, डोक्यावर पदर धरूनही, त्याच्या खांद्याला लागत नाहीत. त्या रेघेवरचे कानातले झुमके पाहायचे तर बाईला आकाशातला धूमकेतू पाहावा तशी मान करावी लागायची.

मला हे तेव्हा दिसलं नाही. कबूल करते की मीही त्या चार दिवसांत त्याच्याबरोबर होते आणि मोठ्या उत्साहात होते. मला वस्तू जागच्या जागी लागतात. शाळेत शिकवत असताना ग्रंथालयाचं कपाट मी लावायचे आणि माझ्याइतकं नीट कोणी लावत नसे. जावेच्या दुकानात मला पहिल्या दिवसापासून गबाळेपणा दिसत आला होता. फॉलच्या शेजारी दोरा, दोऱ्याच्या शेजारी टिकल्या, टिकल्यांच्या खाली हूक आणि अस्तर. मी तिला कितीदा म्हटलं, अगं, एका जातीची वस्तू एका ठिकाणी ठेव. ती म्हणायची, "बाई, राहू द्या, मले सापडते." आता संधी मिळाली तशी मी सगळं जातीनिहाय लावलं. दोरे डावीकडे मागं, फॉल उजवीकडे पुढं, टिकल्या मधल्या रॅकवर. प्रत्येक ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. पाकिटाला पाकीट चिकटून, एकही फट नाही. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. काका म्हणाला, "मोठी आई, तू मॉलमध्ये पाहिजे होतीस." आणि मी मूर्खासारखी फुलले.

दुकानाचा एक रिवाज होता, तो तुम्हाला सांगितला पाहिजे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया सकाळी येतात. त्यांना गावी परत नेणारी काळीपिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्यामुळे दिवसभर त्यांचं सामान कुठं तरी ठेवावं लागतं. त्या भाजीच्या, किराण्याच्या थैल्या जावेच्या दुकानाच्या ओट्यावर आणून टाकायच्या, पुन्हा बाजारात जायच्या, शेवटी थैल्या गोळा करून जीप भरेपर्यंत तिथंच बसायच्या. त्याबद्दल कोणी काही देत नसे, कोणी काही मागत नसे. ओट्यावर वांगी, कोथिंबीर, मिरच्या, एखादी कोंबडीसुद्धा. काकाला हे पाहून शिसारी आली.

"दाराजवळची जागा मोकळी पाहिजे. ग्राहक बाहेरून आत येतो तेव्हा त्याला दोन पावलं लागतात जुळवून घ्यायला. तिथं तू वांगी मांडून ठेवलीस?"

"म्या नाही मांडली. थे त्याइच्या थैल्यातली हायेत."

"एकच आहे."

"एक कसं? त्याइची वांगी थे घरी नेतीन. तू काय नेशीन?"

ओट्यावर त्यानं चकचकीत फरशी बसवली आणि दारात पाटी लावली: 'कृपया येथे थैल्या ठेवू नयेत.' पाटी मीच रंगवली. वळणदार अक्षर, ऱ्हस्वदीर्घ शुद्ध, आणि आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात निर्बुद्ध वाक्य.

काका पुण्याला गेला आणि दर आठवड्याला फोटो मागू लागला. मी काढून पाठवायचे. फोटोंत दुकान फार देखणं यायचं, कारण फोटोंत गिऱ्हाईक नसायचं. त्यानं ते फोटो आपल्या मॉलमधल्या मित्रांना दाखवले आणि त्यांनी अंगठे पाठवले. मोताळ्यात त्या अंगठ्यांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

पहिल्या दोन बाजारांना बाया आल्या. दोन्ही हातांत थैल्या घेऊन आल्या, नव्या दिव्यांखाली डोळे मिचकावत उभ्या राहिल्या, जे घ्यायचं होतं ते मागितलं आणि गेल्या. हात लावून कोणी काही पाहिलं नाही. कसं पाहणार? वांग्यांची थैली कोणत्या हातानं खाली ठेवायची, तर पाटी लावलेली. एका म्हातारीनं मात्र माझ्या टिकल्यांच्या ओळीकडे पाहून विचारलं, "बाई, हे इकाचं हाये का नुसतं पाहाचं?" मला वाटलं, काय अडाणी प्रश्न. दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. इतकी घट्ट, इतकी भरलेली ओळ, की तिच्यातून एक पाकीट ओढलं तर आपण काही तरी मोडू असं त्या बाईला वाटलं होतं.

विक्री किती हे मी तिला कधी विचारलं नाही. मला फडक्यावरून कळायचं. मी रोज सकाळी जाऊन फळ्या पुसायचे. माल हलत असला की धूळ साचत नाही. आता काकाच्या रेघेवरच्या फळीवरून हात फिरवला की फडकं काळं व्हायचं. उलट अगदी खालची, कंबरेच्या खालची फळी, जिथं त्यानं नको असलेला जुना माल कोंबला होता, ती स्वच्छ निघायची. मुलं तिथून हातानं ओढून काढत होती.

मग एक दिवस समोरचे चाचा आले. त्यांचं बांगड्यांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, तीन पिढ्यांचं. हातात एक निळी थैली, तिच्यातून मेथीची पानं बाहेर आलेली.

"भाभी, ही कोनाची? शाम हो गयी, कोनी नेलीच नाही. तुमच्या गिऱ्हाइकाची हाये."

"माह्या गिऱ्हाइकाची तुमच्याकडं कशी?" जावेनं विचारलं.

"कशी म्हणजे? सगळ्याच येऊन राह्यल्या माह्याकडं. मले दुकानात पाय ठेवाले जागा नाही."

"मंग काढून टाका. पाटी लावा. आमच्या मोठ्या बाई लिहून देतीन." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चाचा हसले. "काढू कायले? थैली ठेवाले येते तवा काही घेत नाही. थैली घ्याले येते तवा बांगड्या भरून जाते. तुमच्या पोराले सांगजा, शुक्रिया म्हणाव."

ते गेल्यावर तिनं ती निळी थैली काउंटरवर नीट उभी ठेवली. मग ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोनाले बोलू? त्याच्या हातात कागद, तुमच्या हातात ब्रश. म्या काय घेऊन बोलू?"

चाळीस वर्षं मी वर्गात उत्तरं मागत आले होते. देता येत नसलं की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. आम्ही दार अर्धं ओढून घेतलं आणि दोघीच कामाला लागलो. पाटी आधी काढली. थैल्या पुन्हा ओट्यावर ठेवायच्या हे मी धरूनच चालले होते, पण ती नाही म्हणाली.

"त्या चकचकीत फरशीवर ऊन किती तापते पाहा. कोथिंबीर सुकून जाईन, टमाटे नरम पडतीन. मागच्या भिंतीले ठेवू. तिथं थंड अस्ते, माठ बी तिथंच हाये."

"इतक्या आत कोण जाईल?"

"ज्याची थैली हाये थो जाईन ना बाई. थैली का आपोआप घरी जाते?"

हा सगळा मॉलचा शोध कोथिंबिरीसाठी लागला, हे ध्यानात ठेवा. तुमच्याकडच्या दुकानांत दूध सगळ्यात मागच्या कोपऱ्यात का असतं, असं तुमच्यापैकी कोणी तरी मला मागं विचारलं होतं. त्यामागं मोठमोठ्या पगाराची डोकी असतात म्हणे. इथं एका बाईला टोमॅटोची काळजी होती.

काउंटर परत दाराजवळ एका बाजूला आणलं आणि मागच्या भिंतीला आम्ही थैल्यांसाठी एक लांब फळी बसवली, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जड थैली उचलावी लागू नये. बाजूला बाक आणि माठ. त्यानंतरच्या बाजाराला मी एका स्टुलावर बसून फक्त पाहत राहिले, आणि मला दिसलं ते असं. आत जाणारी बाई काही पाहत नाही. तिची बोटं थैलीच्या बंदांनी कापत असतात, तिला फळी गाठायची असते. फळीवर ओझं टाकलं की ती हात झटकते, कंबर सरळ करते, माठातलं पाणी पिते, आणि मग वळते. वळल्यावर तिला पहिल्यांदा दुकान दिसतं. आणि काकानं तर प्रत्येक वस्तू दाराकडे तोंड करून टांगली होती! मोकळ्या हातांनी बाहेर येणाऱ्या बाईला रॅकची पाठ, पुठ्ठा आणि किमतीची उलटी बाजू दिसत होती. त्याचा सगळा थाट रिकाम्या रस्त्यासाठी होता.

आम्ही दुकान उलटं केलं. झुमके, क्लिपा, लेसच्या पट्ट्या, सगळ्यांची तोंडं आत, मागच्या भिंतीकडे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आता दुकानाची पाठ दिसते. एका शेजारणीनं विचारलंही, "काऊन वो, दुकान रुसलं का?" रुसू दे.

मग उंची. मी जावेला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या डोळ्यांपाशी खडूची रेघ मारली. काकाच्या रेघेपासून ती जवळजवळ हातभर खाली आली. त्या रेघेपासून कंबरेपर्यंतचा पट्टा हाच आमचा खरा पट्टा, तिथं चांगला माल. त्याच्या वर फक्त बंद खोकी. खाली मुलांच्या वस्तू, पण दाराशी नव्हेत, बाकाशेजारी. दाराशी मूल हटून बसलं तर आई त्याला ओढत नेते. बाकावर जीप भरेपर्यंत आईला उठायचं नसतं, तिथं मूल जिंकतं. हे जावेनं सांगितलं, मी फक्त लावलं.

माझ्या जातीनिहाय ओळी तिनं स्वतःच्या हातानं मोडल्या. मी मध्ये पडले नाही, पण पाहवत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, फॉल घेणारी बाई साडी घेऊन येते. थे पोपटी साडी हाये तं तिले पोपटी दोरा लागते, पोपटी अस्तर लागते. मंग तिले वाटते, याच्यावर टिकली कोनती लावू. तुमचं सगळं शिस्तीत हाये, पण थिले चार ठिकाणी फिरा लागते. तीन ठिकाणी फिरून थे घरी जाते." तिनं रंगानं लावलं. पोपटीजवळ पोपटी, मोरपंखीजवळ मोरपंखी, फॉलपासून टिकलीपर्यंत. मला जो गबाळेपणा वाटत होता तो साडी नेसणाऱ्या बाईच्या डोक्यातला क्रम होता. मी पन्नास वर्षं साडी नेसते आणि मला तो दिसला नव्हता, कारण मी ग्रंथालय लावत होते. शेवटी तिनं प्रत्येक भरलेल्या ओळीतून दोन-दोन पाकिटं काढून घेतली आणि ओळ तशीच दातपडकी ठेवली.

"हे काय?"

"आता वाटते, कोनी तरी घेऊन गेलं म्हून. मंग दुसरी हात लावते."

थैल्या मागं गेल्यावर एक अडचण झाली. ओट्यावर असताना जाऊ बसल्या जागी सगळ्यांवर नजर ठेवायची. आता फळीवर एकसारख्या निळ्या-पिवळ्या थैल्यांची रांग लागली आणि कोणाची कोणती यावर कुरबुर सुरू झाली. मी लगेच नंबरांचे बिल्ले सुचवले. बायांनी एका बाजारात निम्मे हरवले आणि दोन मुलांनी खेळायला नेले. जावेनं बिल्ले बाजूला सारले आणि लेसच्या रिळांची उरलेली टोकं काढली. एक तुकडा थैलीच्या बंदाला बांधायचा, त्याच लेसचा दुसरा बाईच्या मनगटाला. जुळलं की थैली तिची. आता बाई दिवसभर बाजारात मनगटाला लेस बांधून फिरते. भाजीवालीजवळ, जिलबीच्या गाड्याशी, दुसरी तिला विचारते, "हे कोनती लेस वो? माह्या परकराले चांगली दिसन." तिसऱ्या बाजाराला बाया थैली ठेवतानाच बांधायची लेस निवडू लागल्या. "मले थे नको, सोनेरी बांध." आणि परत येऊन तीच सोनेरी दोन मीटर घ्यायच्या. जाहिरातीवर पैसे उधळणाऱ्या मॉलवाल्यांनी मनगटाची ही जागा अजून वापरलेली नाही. काकाला मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

फडकं आता पांढरं निघत होतं. पण मी काकाला कळवलं नाही. जाऊ म्हणाली होती, "त्याले फोटो पाठवू नका. त्याले येऊन पाहू द्या." आणि काका फोटो आले नाहीत म्हणून समजून बसला की दुकान बुडालं. दिवाळीच्या आधीच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी तो पुण्याहून आला. येताना मोबाइलवाल्याला घेऊनच आला, जागा मोजायला. सोयाबीन निघालेलं, बायांच्या हातात पैसा आलेला, असा तो बाजार. हे त्याला माहीत असायला हवं होतं. तो याच गावात वाढला. पण पुण्यात सोयाबीन फक्त तेलाच्या पिशवीत दिसतं.

मोबाइलवाला म्हणजे टोकदार बूट घातलेला, हातात मोठा टेप घेतलेला एक घाईचा माणूस. त्याला आत शिरता येईना. दुकानात उभ्या बाया, बाकावर बाया, बाकाखाली मुलं. रॅकच्या दोन्ही बाजूंनी मोकळे हात माल चाचपत होते. तो "जरा सरका, जरा सरका" म्हणत भिंतीपर्यंत पोचला आणि त्यानं टेप ओढला. तेवढ्यात जानेफळकडून लेकीकडे आलेली एक ठसठशीत म्हातारी त्याच्यापुढं उभी राहिली.

"दादा, हे लेस मोज बरं. अडीच मीटर."

"मी दुकानवाला नाही आजी."

"मंग टेप कायले आणला? शोभेले? धर इथून."

त्यानं धरलं. काय करणार? म्हातारीनं लेस ताणली, त्यानं मोजली, आणि मागून दुसरी म्हणाली, "माहीबी मोजजो रे, तीन मीटर." तो तिथं अर्धा तास लेस मोजत होता. एवढं चांगलं काम त्यानं त्याआधी किती वर्षांत केलं होतं कोणास ठाऊक. सुटल्यावर घाम पुसत काकाला म्हणाला, "उद्या येतो मापं घ्यायला, आज गर्दी आहे," आणि निघून गेला.

काका दारातच उभा होता. त्यानं उलटी टांगलेली दुकानाची पाठ पाहिली, खाली उतरलेल्या फळ्या पाहिल्या, मागच्या भिंतीशी थैल्यांची रांग पाहिली. मला वाटलं, आता तो चुकलो म्हणेल. मी अजूनही माणसांकडून फार अपेक्षा ठेवते.

"मोठी आई," तो म्हणाला, "हे बघ, मी सांगत होतो तेच झालं ना? ग्राहकाला पूर्ण दुकान फिरवायचं. आम्ही याला डेस्टिनेशन म्हणतो."

"आम्ही याला कोथिंबीर म्हणतो," मी म्हटलं.

तो ऐकत नव्हता. त्यानं फोन काढला आणि दुकानाचा व्हिडिओ घेऊ लागला, स्वतःच्या आवाजात माहिती देत. "ही जी मागची फळी आहे, ही आमची स्ट्रॅटेजी..." एका बाईनं त्याला कोपरानं बाजूला केलं, कारण तो टिकल्यांपुढं उभा होता. त्यानं ते व्हिडिओतून नंतर कापलं म्हणे.

गर्दी थोडी ओसरली तेव्हा जाऊ काउंटरमागून बाहेर आली. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजले होते, पण ती बसली नाही.

"झालं तुहं पाहून?"

"झालं आई. छानच चाललंय. मी म्हणत होतो की अजून एक वर्ष तरी—"

"त्या माणसाले फोन लाव."

"कोणाला?"

"त्या टेपवाल्याले. उद्या नको येऊ म्हणाव. परवाबी नको."

"लावतो ना, घरी गेल्यावर..."

"आत्ता लाव. माह्यासमोर लाव. अन् वर्षाचं काही बोलू नको. वर्ष बिर्ष काही नाही. म्या हाये तवरक दुकान राहीन."

त्यानं फोन लावला. ती त्याच्यासमोर हात कमरेवर ठेवून, त्याच्या छातीच्या उंचीवरून त्याच्याकडे पाहत उभी राहिली. फोनवर तो म्हणाला, "नाही हो, जागा आता द्यायची नाही. आम्ही दुकान नव्यानं मांडलंय, चांगला रिझल्ट आलाय." आम्ही! मी स्टुलावर बसले होते, मला ठसका लागला. जाऊ मात्र त्या शब्दावर अडली नाही. तिला शब्दांचं काही नसतं, ते माझं दुखणं आहे. त्यानं फोन बंद केल्याची खात्री करून घेतली आणि ती मागं वळली, कारण बाहेर जीपवाला ओरडत होता आणि तीन बाया आपापलं मनगट पुढं करून थैलीसाठी उभ्या होत्या.